तुलनात्मक लाभ

डेव्हिड रिकार्डो याने १८१७ मध्ये मांडलेला आंतरराष्ट्रीय व्यापाराचा सिद्धांत. त्याच्या उदाहरणात ठराविक कापड विणण्यास इंग्लंडात वर्षभर १०० मजूर व ठराविक मद्य करण्यास १२० मजूर लागतात. पोर्तुगालात हीच कामे अनुक्रमे ९० व ८० मजुरांत होतात. दोन्ही जिन्नस स्वदेशीच स्वस्त पडत असता पोर्तुगालाने इंग्रजी कापड का घ्यावे, या रास्त शंकेचे निरसन असे, की ८० मजुरांचे मद्य देऊन त्यास ९० मजुरांचे कापड मिळते, तर इंग्लंडास १०० मजुरांच्या कापडाच्या मोबदल्यात १२० मजुरांचे मद्य लाभते. म्हणजे एकाचे १० व दुसऱ्याचे २० मजुरांचे श्रम वाचतात. भांडवल व मजूर सरहद्द ओलांडत नाहीत, हे यातील मुख्य गृहीत होय. ते सुटले, तर दोन्ही धंदे पोर्तुगालातच चालविणे फायद्याचे ठरेल, असे रिकार्डोनेच नमूद केले आहे.