लिंकनचे गणित आणि गुणोत्तराची कसोटी

अब्राहम लिंकन म्हटले की आपल्याला गुलामगिरी, यादवी युद्ध आणि गेटिसबर्गचे भाषण आठवते. त्यांनी अमेरिकेच्या संसदेपुढे चक्क एक गणितही मांडले होते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. ते गणित शाळेतल्या मुलालाही कळेल असे आहे, आणि ते चुकले. का चुकले हे बघताना वाढीचे दोन प्रकार कसे ओळखायचे ते छान कळते, म्हणून आज त्याविषयी लिहितो.

१ डिसेंबर १८६२ रोजी लिंकन यांनी संसदेला आपला वार्षिक संदेश पाठवला. युद्ध ऐन भरात होते. त्यांचा प्रस्ताव असा होता की जी राज्ये १ जानेवारी १९०० पूर्वी गुलामगिरी बंद करतील, त्यांना केंद्र सरकारने रोख्यांच्या रूपाने भरपाई द्यावी. एवढे कर्ज फेडणार कोण, हा प्रश्न उघडच होता. लिंकन यांचे उत्तर होते की आपली लोकसंख्या झपाट्याने वाढते आहे, त्यामुळे तेच कर्ज पुढे कितीतरी जास्त डोक्यांवर वाटले जाईल आणि हलके होईल.

हे पटवण्यासाठी त्यांनी १७९० पासूनच्या दर दहा वर्षांच्या जनगणनेचा तक्ता दिला. १७९० साली ३९ लाख असलेले लोक १८६० साली ३१४ लाख झाले होते, म्हणजे सत्तर वर्षांत आठपट. दर दशकाची वाढ कमीत कमी ३२.६७ टक्के आणि जास्तीत जास्त ३६.४५ टक्के, सरासरी ३४.६० टक्के. एकही दशक सरासरीपासून दोन टक्क्यांहून लांब गेलेले नाही, हे त्यांनी मुद्दाम दाखवले. मग हाच दर पुढे चालवून त्यांनी भाकीत केले की १९३० साली अमेरिकेत २५,१६,८०,९१४ लोक असतील.

१९३० ची जनगणना झाली तेव्हा लोक निघाले साधारण १२ कोटी २८ लाख. भाकिताच्या निम्म्याहूनही कमी!

आता लिंकन यांनी नेमके काय तपासले ते पाहू. त्यांनी प्रत्येक जनगणनेच्या आकड्याला आधीच्या आकड्याने भागले. उत्तर दरवेळी १.३५ च्या आसपास आले. सारख्या अंतराने घेतलेल्या आकड्यांचे गुणोत्तर सारखेच येत असेल, तर ती वाढ चक्रवाढ व्याजासारखी असते. गणिताच्या पुस्तकात तिला घातांकी वाढ म्हणतात, मी आपला चक्रवाढच म्हणेन. तेव्हा लिंकन यांची कसोटी चुकीची नव्हती. १८६० पर्यंतचा तक्ता खरोखरच चक्रवाढीचा होता.

पण झपाट्याने वाढणारी प्रत्येक गोष्ट चक्रवाढीने वाढत नाही. चौरसाची बाजू १, २, ३, ४ अशी वाढवली तर क्षेत्रफळ १, ४, ९, १६ होते. हीही वाढ भराभर होते, पण लागोपाठची गुणोत्तरे पाहा. आधी ४, मग २.२५, मग १.७८. ती सारखी उतरत जातात. इथे स्थिर काय राहते? इथे लॉगची मदत घ्यावी लागते. क्षेत्रफळाच्या गुणोत्तराचा लॉग घ्या, बाजूच्या गुणोत्तराचा लॉग घ्या आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. ४ चा लॉग ०.६०२, २ चा ०.३०१, भागाकार २. पुढच्या जोडीत २.२५ चा लॉग ०.३५२, १.५ चा ०.१७६, पुन्हा २. हा जो दोन येतो तो म्हणजे वर्गाचा घात. घनफळ घेतले असते तर तीन आला असता. अशा वाढीला मी घाताची वाढ म्हणतो.

थोडक्यात कसोट्या दोन. नुसते गुणोत्तर स्थिर राहिले तर चक्रवाढ. गुणोत्तरांच्या लॉगचा भागाकार स्थिर राहिला तर घाताची वाढ. एक पथ्य मात्र पाळायचे. पहिली कसोटी नोंदी सारख्या अंतरावर असतील तरच लागू पडते. जनगणना दर दहा वर्षांनी होते म्हणून लिंकन यांना नुसता भागाकार पुरला. एक नोंद दहा वर्षांनी आणि दुसरी सतरा वर्षांनी असती, तर गुणोत्तराचा लॉग घेऊन त्याला मधल्या वर्षांनी भागावे लागले असते.

आता अमेरिकेच्या तक्त्याला दोन्ही कसोट्या लावू. खाली आधी वर्ष, मग लोकसंख्या लाखांत, मग आधीच्या जनगणनेच्या किती पट, आणि शेवटी लॉगचा भागाकार, म्हणजेच घात. घातासाठी वर्षे कुठून तरी मोजावी लागतात, ती मी १७९० पासून मोजली आहेत. म्हणजे १८१० हे विसावे वर्ष, १८२० हे तिसावे. उदाहरणार्थ १८९० ची ओळ अशी काढली. लोकसंख्या १.२५५ पट झाली, त्याचा लॉग ०.०९८७. वर्षे ९० ची १०० झाली, म्हणजे १.१११ पट, त्याचा लॉग ०.०४५८. भागाकार साधारण २.१६.

१८१० – ७२ – १.३६ – ०.४५
१८२० – ९६ – १.३३ – ०.७१
१८३० – १२९ – १.३३ – १.००
१८४० – १७१ – १.३३ – १.२७
१८५० – २३२ – १.३६ – १.६८
१८६० – ३१४ – १.३६ – १.९७
१८७० – ३८६ – १.२३ – १.५३
१८८० – ५०२ – १.३० – २.२३
१८९० – ६२९ – १.२६ – २.१६
१९०० – ७६० – १.२१ – १.९८
१९१० – ९२० – १.२१ – २.१९
१९२० – १०५७ – १.१५ – १.७४
१९३० – १२२८ – १.१६ – २.०२

पहिल्या सहा ओळी बघा. तिसरा रकाना जागचा हलत नाही आणि चौथा दर दशकाला साधारण ०.३ ने जिना चढतो आहे. चक्रवाढीची हीच खूण. घात सतत वाढत राहतो, कुठेच टेकत नाही.

आता शेवटच्या सहा ओळी. इथे पटांचा रकाना १.३० वरून १.१६ पर्यंत उतरला आहे आणि घात मात्र दोनाच्या आगेमागे रेंगाळतो आहे. सरासरी काढली तर २.०५. म्हणजे १८८० नंतर वाढीची जातच बदलली. १८८० चे ५०२ लाख घेऊन वर्गाच्या नियमाने १९३० चा आकडा काढला, तर १४० भागिले ९० याचा वर्ग, म्हणजे २.४२ पट, साधारण १२१४ लाख येतो. खरा आकडा १२२८ लाख! अर्थात हे सगळे झाल्यावर सुचलेले शहाणपण आहे. लिंकन यांच्यापुढे फक्त १८६० पर्यंतच्या ओळी होत्या.

१८७० ची ओळ दोन्ही रकान्यांत वेगळी पडते. मधल्या युद्धात सहा लाखांहून जास्त माणसे मेली होती, आणि दक्षिणेकडच्या राज्यांत त्या वर्षीची मोजणीही अपुरी झाली. एका जनगणनेत माणसे कमी मोजली गेली की त्या ओळीचे गुणोत्तर खाली येते आणि पुढच्या ओळीचे नाहक वर जाते. एक उत्तर फार कमी आणि लगेच पुढचे फार जास्त दिसले, तर आधी मोजणीवर संशय घ्यावा. अशा वेळी मधली ओळ गाळून १८६० वरून थेट १८८० ला जावे. घात १.८६ येतो.

पण आधीची सत्तर वर्षे दर इतका स्थिर का होता? तिथेच खरी गोम आहे. अमेरिकन बायकांना होणाऱ्या मुलांची सरासरी १८०० च्या सुमारास सात होती, १९०० पर्यंत ती निम्म्यावर आली. ही घसरण लिंकन यांच्या आधीच सुरू झाली होती. मग १८५० आणि १८६० च्या ओळी उलट वर का गेल्या? कारण १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला आणि आयरिश लोकांचे लोंढे अमेरिकेत आले. जर्मनांचेही आले. घरातली घट बाहेरच्या माणसांनी भरून काढली. शिवाय १८४५ ते १८४८ या काळात टेक्सास आणि मेक्सिकोकडून मिळालेला मुलूख देशाला जोडला गेला. म्हणजे गुणोत्तर स्थिर दिसत होते खरे, पण एक कारण मंदावत होते आणि दुसरे जोर धरत होते. बेरीज योगायोगाने तेवढीच राहिली. वाढ चक्रवाढीची आहे एवढे कसोटी सांगते. ती तशी का आहे आणि किती दिवस राहील, हे तक्त्याच्या बाहेर जाऊनच शोधावे लागते.

दुसरा सापळाही याच तक्त्यात आहे. १९०० आणि १९१० या दोनच ओळी पाहिल्या तर दोन्हीकडे १.२१. कुणीही म्हणेल, चक्रवाढ! पण आधीची १.२६ आणि नंतरची १.१५ ही ओळ बघितली की तो भ्रम जातो. दोन-तीन ओळींवर निकाल देऊ नये. सहा-सात तरी हव्यात.

तिसरी गोष्ट घाताच्या भरवशाची. मी वर्षे १७९० पासून मोजली, पण त्या वर्षी अमेरिकेत काही शून्य माणसे नव्हती. ती स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून, म्हणजे १७७६ पासून मोजली, तर त्याच शेवटच्या सहा ओळींचा सरासरी घात २.३ येतो. मग खरा घात कोणता? खरे तर कोणताच नाही. उतरती गुणोत्तरे मात्र खरी, कारण नुसत्या गुणोत्तराला आरंभाचे वर्ष लागत नाही.

जिथे शून्य खरे असते तिथे हीच कसोटी किती चोख उतरते बघा. गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२० पट दूर आहे, शनी ९.५४ पट. गुरूला एका फेरीस ११.८६ वर्षे लागतात, शनीला २९.४६. काळाच्या गुणोत्तराचा लॉग ०.३९५, अंतराच्या गुणोत्तराचा ०.२६३, भागाकार १.५०. मंगळ आणि गुरू घ्या, तरी १.५०. हा केप्लरचा तिसरा नियम, त्याला १६१८ साली सापडलेला. इथे अंतर सूर्यापासून मोजतात, तो आरंभ कुणी सोयीने ठरवलेला नाही. म्हणून दीड हा घात निसर्गाचा आहे, आणि माझ्या तक्त्यातला दोन हा निव्वळ वर्णनापुरता.

लिंकन यांचा तो प्रस्ताव संसदेने कधीच मंजूर केला नाही. १ जानेवारी १८६३ रोजी त्यांनी बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला आणि डिसेंबर १८६५ मध्ये घटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी देशभर बंद झाली. गुलामांच्या मालकांना राज्यांमार्फत भरपाई देण्याचे ते रोखे निघालेच नाहीत. निघाले असते, तर कर्जाचा वाटा उचलायला १९३० साली पंचवीस कोटी नव्हे, सव्वाबारा कोटीच डोकी असती, आणि दरडोई ओझे लिंकन यांच्या हिशेबापेक्षा दुप्पट झाले असते.