दहा वर्षांच्या गॅपनंतर लिंक्डइन: मावशीचं हेडलाइन आणि ‘अबाउट’ आम्ही कसं लिहिलं

माझ्या मावशीचं लिंक्डइन प्रोफाइल मी तिच्याच फोनवर, तिच्या शेजारी बसून दोनदा लिहिलं. पहिल्यांदा लिहिलेलं चुकलं. घरातल्या कुणाचं, म्हणजे आईचं, काकूचं, मोठ्या ताईचं प्रोफाइल तुम्ही बनवून देणार असाल तर ती चूक आणि नंतरची दुरुस्ती दोन्ही उपयोगी पडतील.

आधी तिची माहिती. वय ४४, बी.कॉम. २००५ ते २०१४ ती भोसरीला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्सला होती. मग सासूबाईंना पॅरालिसिस झाला, त्यात मुलगी लहान, आणि नोकरी सुटली. २०२३ पासून ती ओळखीतल्या एका हार्डवेअर दुकानाचे हिशेब घरून बघते, थोडेफार पैसेही मिळतात. तिच्या मते मात्र ती ‘दहा-अकरा वर्षं घरीच’ होती. हे दुकानाचं काम तिने मला पहिल्या दिवशी सांगितलंसुद्धा नाही.

पहिल्या वेळी मी हेडलाइनमध्ये लिहिलं होतं की गृहिणी आहे, कष्टाळू आहे, पुन्हा करिअर सुरू करायचंय, संधीच्या शोधात आहे. आणि पुढे पदाचं नाव म्हणून Account Executive. महिनाभरात तीन मेसेज आले. दोन विमा विकायचे आणि एक जाहिरात एजन्सीतला. मावशी म्हणाली, “अरे, मला हिशेब येतो, पॉलिसी विकता येत नाही.”

कारण एका अक्षरात होतं. Account Executive म्हणजे ग्राहक सांभाळणारा, बहुतेक वेळा सेल्सचा माणूस. हिशेबाच्या कामाला Accounts Executive म्हणतात. मधला s गेला की माणूस वेगळ्याच रांगेत उभा राहतो. कुठलंही पद लिहायच्या आधी लिंक्डइनच्या Jobs मध्ये ते टाकून बघा आणि चार-पाच जाहिरातींमधलं काम वाचा. आपल्या माणसाचं काम तिथे दिसतंय का? नसेल तर शब्द बदला.

हेडलाइनमध्ये काय बसवायचं

हेडलाइन म्हणजे नावाखालची ओळ. तिला २२० अक्षरांची मर्यादा आहे, पण सगळी वापरायची गरज नाही. भरती करणारा माणूस नावांची यादी खाली सरकवत असतो आणि फोनवर त्या यादीत लांब ओळ मध्येच कापली जाते. म्हणून सुरुवातीलाच पद, मग कामाचे दोन-तीन नेमके शब्द. ‘कष्टाळू’ किंवा ‘संधीच्या शोधात’ हे शब्द टाकून कुणी अकाउंटंट शोधत नाही. ‘टीडीएस’ टाकून शोधतात.

आता हे नेमके शब्द कुठले, इथे गॅपचा खरा प्रश्न येतो. मावशीच्या तोंडात व्हॅट, एक्साइज, सर्व्हिस टॅक्स, टॅली ईआरपी ९ हे शब्द होते, कारण २०१४ मध्ये तेच होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हे तिन्ही कर त्यात विरले. टॅलीचं नावही २०२० मध्ये टॅलीप्राइम झालं. हेडलाइनमध्ये व्हॅट लिहिलं तर गॅप सांगायचीसुद्धा गरज नाही, वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं की घड्याळ कुठे थांबलंय. जुने शब्द फेकायचे नाहीत, पण त्यांची जागा खाली, जुन्या नोकरीच्या माहितीत.

मग मी तिला विचारलं, “आत्ता, या महिन्यात तू नक्की काय काय करतेस?” तेव्हा कुठे दुकानाचा विषय निघाला. महिन्याला साधारण १२० खरेदीची बिलं ती टॅलीप्राइममध्ये चढवते. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतं. विक्रेत्यांनी आपापल्या रिटर्नमध्ये दाखवलेली बिलं त्यात दिसतात. ती ते उतरवून घेते आणि आपल्या खरेदीशी एकेक ताडून बघते. एखाद्या विक्रेत्याने बिल दाखवलंच नसेल तर दुकानदाराला त्या बिलावरच्या कराचं क्रेडिट घेता येत नाही, म्हणून ती त्याला फोन करते. हे कंपन्यांना रोज लागणारं काम आहे, त्याला जाहिरातींमध्ये रिकन्सिलिएशन म्हणतात, आणि मावशी ते आजच्या नियमांनी करत होती.

मी खूश होऊन लगेच ‘जीएसटी रिटर्न फायलिंग’ असं टाइप केलं. तिने हात धरला. “रिटर्न सीए भरतात. मी त्यांना तयार करून देते.” मला वाटलं काय फरक पडतो, एवढं तर चालतंच. पण फरक पडतो. मुलाखतीत ३बीच्या चौथ्या तक्त्यात काय भरतात एवढा एक प्रश्न आला असता आणि स्वतः कधी न भरलेला माणूस तिथेच अडकला असता. मग उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते. तो शब्द काढला. शेवटी जी ओळ ठरली ती ही:

```
Accounts Executive | Accounts Payable, GSTR-2B Reconciliation, TDS | TallyPrime | 9 yrs in Auto Components
```

एकूण १०६ अक्षरं. गाव लिहिलेलं नाही, कारण ठिकाणाचा रकाना वेगळा असतो आणि शोधताना त्यावरून गाळणी लागते. तो रकाना मात्र बरोबर भरा.

पदावरून आमचं थोडं वाजलं. कंपनीत तिचं पद ‘सीनियर असिस्टंट’ होतं. एक्सपीरियन्समध्ये ते जसंच्या तसं ठेवलं, कारण तिथली माहिती जुन्या कंपनीकडून पडताळली जाऊ शकते. हेडलाइन म्हणजे आता करता येणारं काम, तिथे बाजारातला शब्द चालतो. मी ‘मॅनेजर’ सुचवलं होतं, नऊ वर्षांचा अनुभव आहे म्हणून. तिला ते पटलं नाही आणि तिचंच बरोबर होतं. जीएसटीमध्ये तिने अजून एका दुकानापुरतं काम केलंय. उलट ‘ट्रेनी’ लिहायलाही मी तयार नव्हतो. ८० पुरवठादारांची पेमेंट सांभाळलेली बाई ट्रेनी नसते.

आणि गॅप? ती हेडलाइनमध्ये नाही. ‘रिटर्निंग मदर’, ‘ब्रेकनंतर परत’ असं काहीही नाही. काही कंपन्या ब्रेक घेतलेल्या स्त्रियांसाठीच वेगळ्या जागा काढतात, फक्त त्यांनाच अर्ज करायचा असेल तर ‘रिटर्नशिप’ हा शब्द ठेवायला हरकत नाही. एरवी ती मोजकी जागा कामाला द्या.

‘अबाउट’ची पहिली ओळ कशाची

About मध्ये २६०० अक्षरं मावतात, पण उघडताना फक्त पहिल्या दोन-तीन ओळी दिसतात, बाकीचं दाबल्यावर. माझ्या पहिल्या मसुद्यात त्या ओळी सासूबाईंच्या आजारपणाच्या होत्या. वाचून वाईट वाटेल, पण मावशीला काय येतं ते कळणार नाही. नवा मसुदा आम्ही इंग्रजीत लिहिला. मराठीत तो असा होतो:

“पुरवठादारांची बिलं, त्यांचा जीएसटीआर-२बीशी मेळ आणि पेमेंट हे माझं काम. सध्या एका हार्डवेअर दुकानाचे हिशेब टॅलीप्राइममध्ये बघते, महिन्याला साधारण १२० खरेदी बिलं.

२००५ ते २०१४ भोसरीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत अकाउंट्स विभागात होते. सुमारे ८० पुरवठादारांची बिलं, पेमेंट आणि टीडीएस माझ्याकडे होतं. तीन नव्या सहकाऱ्यांना मी हे काम शिकवलं.

२०१४ पासून घरातल्या आजारपणामुळे पूर्णवेळ नोकरी केली नाही. ती जबाबदारी आता संपली आहे. २०२३ पासून पुन्हा हिशेबाचं काम सुरू केलं.

पिंपरी-चिंचवड परिसरात पूर्णवेळ काम हवं आहे. लगेच रुजू होऊ शकते.”

क्रम बघा. आजचं काम सगळ्यात वर, जुनं त्याखाली, ब्रेक तिसऱ्या परिच्छेदात तीन छोट्या वाक्यांत. त्यात कुणाला काय झालं होतं ते नाही, माफी नाही आणि ‘घर सांभाळताना मॅनेजमेंट शिकले’ हेही नाही. हे शेवटचं वाक्य इंटरनेटवरच्या सल्ल्यांमध्ये फार दिसतं. मला ते आवडत नाही. घर सांभाळणं मोठं काम आहेच, पण अकाउंट्सच्या साहेबाला त्यावरून बिलांबद्दल काही कळत नाही. ‘ती जबाबदारी आता संपली आहे’ हे वाक्य मात्र ठेवाच, आणि ते खरं असेल तरच. समोरच्याच्या मनातला प्रश्न हाच असतो की ही बाई चार महिन्यांनी परत सोडून जाईल का. ते वाक्य टाइप करताना मावशी जरा थांबली होती. सासूबाई त्याच वर्षी गेल्या होत्या. मी फोन बाजूला ठेवला, चहा झाला, मग पुढे लिहिलं.

आकडे आठवून लिहिले. ८० पुरवठादार हा आकडा तिने जुन्या डायरीतून काढला. आठवत नसेल तर लिहू नका.

मधल्या वर्षांसाठी लिंक्डइनवर २०२२ पासून वेगळी सोय आहे. प्रोफाइलवर नवीन सेक्शन जोडायला गेलं की Career break मिळतं. त्यात कारणांची यादी येते, आम्ही Caregiving निवडलं, २०१४ ते २०२३ टाकलं आणि वर्णनाचा रकाना रिकामा ठेवला. त्यामुळे एक्सपीरियन्समध्ये नऊ वर्षांचं भोक राहत नाही आणि अबाउटमध्ये त्यावर जास्त बोलावं लागत नाही. दुकानाचं काम त्याच्या वर वेगळी नोंद म्हणून, ‘पार्ट-टाइम’ निवडून. इथे तारखा अबाउटशी जुळतात का ते नीट बघा. आमच्या एका जागी २०२२ पडलं होतं, मावशीनेच पकडलं, हिशेबाची बाई ना शेवटी.

बदल जमलाय का हे प्रोफाइलवरच्या Search appearances वरून थोडंफार कळतं. किती शोधांमध्ये नाव आलं याचा आकडा तिथे असतो, आणि शोधणारे काय काम करतात याचीही झलक दिसते. आकड्यापेक्षा ही झलक महत्त्वाची. आधी मावशीच्या यादीत सेल्सची मंडळी होती, हेडलाइन बदलल्यावर काही आठवड्यांनी एचआर आणि फायनान्सवाले दिसू लागले. चुकीचेच लोक येत राहिले तर पदाचा शब्द पुन्हा तपासा. योग्य लोक येतात, पण मेसेज करत नाहीत, तर बहुधा अबाउटच्या पहिल्या दोन ओळी कमी पडतायत.

मावशीला आतापर्यंत दोन ठिकाणी बोलावलं. एका ठिकाणी वय ऐकून विषय संपला, त्यावर हेडलाइनचा उपाय चालत नाही. दुसरीकडे चाकणच्या एका छोट्या कारखान्यात त्यांनी २बीची एक्सेल शीट पुढे ठेवली आणि न जुळणारी बिलं शोधायला सांगितली. तिला पाच सापडली. त्यांच्या मते चारच होती.