वस्तऱ्याची कुळकथा

जुनी वाटणीपत्रे चाळताना एक संक्षेप वारंवार भेटतो: ‘गं. भा.’. सधवेच्या नावामागे ‘सौ.’ तसा विधवेच्या नावामागे ‘गंगाभागीरथी’. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास खात्यात हाच शब्द विधवांसाठी सरकारी कागदावर आणण्याचा प्रस्ताव निघाला आणि त्यावर भरपूर टीका झाली. टीका करणाऱ्यांपैकी बहुतेकांना शब्द जुनाट वाटला. त्या शब्दाच्या मागे घरात दुसरा एक शब्द उभा असे, हे फार थोड्यांच्या ध्यानात होते. कागदावर जी गंगाभागीरथी, ती माजघरात ‘बोडकी’. पहिला शब्द तिचा मान सांगतो, दुसरा सरळ तिचे डोके दाखवतो. ते डोके तसे कसे झाले, याची ही कुळकथा.

आधी प्रत्यक्ष काय घडत असे ते पाहू. नवरा गेला की बाईचे कुंकू पुसत, बांगड्या फोडत, मंगळसूत्र काढून घेत. हे अनेक जातींत होते. ब्राह्मण घरांत आणि ब्राह्मणी वळण उचललेल्या काही जातींत त्यापुढे आणखी एक गोष्ट होती: न्हावी बोलावून वपन, बहुधा दहाव्या दिवशी. मुलगी अगदीच लहान असली तर वयात येईपर्यंत केस ठेवत, पण ती सवलत नव्हती, मुदत होती. नंतर अंगावर तांबडे, बिनकाठाचे आलवण. शिवाय हा विधी एकदाच होऊन संपत नसे. केस थोडे वाढले की पुन्हा न्हावी, परसदाराने. पदर डोक्यावरून ओढलेली बाई पाटावर खाली मान घालून बसलेली, आणि वस्तरा चालवणारा परका पुरुष. ज्या घरात परपुरुषासमोर येणेही वर्ज्य, त्याच घरात महिन्या-दोन महिन्यांनी हे चाले. सोवळ्याच्या हिशेबातली ही विसंगती त्या काळी कुणाला टोचली असेल तर ती त्या बाईलाच.

हे शास्त्रात कुठे आहे? महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या दुसऱ्या खंडात हा माग काढला आहे. गृह्यसूत्रांत विधवेचे वपन नाही. मनूने विधवेला खडतर व्रत सांगितले, पण केस काढा असे म्हटले नाही. वपनाचा मुख्य आधार निघतो तो स्कंदपुराणाच्या काशीखंडात: विधवेने वेणी बांधली तर परलोकी नवऱ्याला बंधन पडते, म्हणून तिने मुंडण करावे. श्रुतीत नाही, मुख्य स्मृतींत नाही आणि एका पुराणात आहे, एवढ्यावर ही रूढी उभी. काण्यांच्या मते ती दहाव्या-अकराव्या शतकापासून हळूहळू घट्ट झाली. शास्त्राच्या भाषेत पाहिले तर पाया फारच भुसभुशीत.

तिचे बीज कुठले, याचा धागा मला दोन ठिकाणी दिसतो. ग्रंथांत यती आणि विधवा ही जोडी वारंवार एकत्र येते. दोघांना तांबूल वर्ज्य, दोघांना भोग वर्ज्य. यती मुंडण करतो, मग विधवेनेही करावे, असे हे सरकत गेले असावे. फरक एवढाच की यती संन्यास स्वतः घेतो. दुसरा धागा उलट दिशेचा. प्रायश्चित्तात पुरुषाचे मुंडण सांगणाऱ्या शास्त्रकारांनीच स्त्रीचे सगळे केस काढू नयेत, टोकाचे दोन अंगुळे कापावेत असा नियम केला होता. प्रयागला मराठी सवाष्णींचे वेणीदान होते ते याच जातीचे: नवऱ्याची परवानगी घेऊन केसांची टोके संगमात सोडायची. म्हणजे बाईच्या केसांना हात लावताना शास्त्र संकोचत होते. तो संकोच फक्त विधवेच्या बाबतीत गेला. दक्षिणेत वैष्णवांच्या तेंगलै पंथात तर ब्राह्मण असूनही विधवांचे वपन करत नसत, तेव्हा ‘ब्राह्मणाला हे टळत नाही’ या म्हणण्यातही तथ्य नव्हते.

मग इतक्या कच्च्या आधारावर रूढी इतकी पक्की कशी राहिली? माझ्या मते तिचा खरा खांब स्वयंपाकघरात होता. केस राखलेल्या विधवेच्या हातचे देवाच्या नैवेद्याला चालत नसे, श्राद्धाच्या पानाला तर नाहीच. सकेशा म्हणजे सदा ओवळी. केस काढले की तीच बाई ‘सोवळी’ होई, आणि पहाटेपासून चुलीपाशी राबायला मोकळी. घरातली जाणती मंडळी हट्ट धरत त्यामागे परलोकातल्या नवऱ्याची काळजी किती आणि पुरणावरणाची सोय किती, हे सांगणे अवघड आहे. सोवळी होणे हा तिला घरात टिकून राहण्याचा परवाना होता.

आता कोर्टाच्या दप्तराकडे येऊ. तिथे वस्तरा दिसत नाही. दिसते ते थेट शेवटचे टोक: विहीर, अर्भकाचे प्रेत आणि पिंजऱ्यात उभी असलेली बाई. मधली गोष्ट सुधारकांच्या लिखाणातून भरून घ्यावी लागते, आणि एका खटल्यात ती पुरी भरून मिळते. ४ डिसेंबर १८८४ रोजी जोतीराव फुल्यांनी सुधारक बेहरामजी मलबारींच्या निबंधांवर सक्तीच्या वैधव्याबद्दल इंग्रजीत एक टिपण लिहिले. त्यात १८६३ ची हकिकत आहे. त्यांच्या एका ब्राह्मण मित्राच्या घरी काशीबाई नावाची तरुण विधवा स्वयंपाकाला होती. कुलीन घरची, सरळ वागणुकीची. शेजारच्या एका लबाड शास्त्र्याने तिच्यामागे लागून तिला नादी लावले. दिवस गेले, तेव्हा पाडण्यासाठी औषधे दिली, ती लागू पडली नाहीत. मुलगा झाला. तिने त्याचा गळा सुरीने चिरला आणि प्रेत मालकाच्या परसातल्या विहिरीत टाकले. पोलिसांना ते सापडले, पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि काशीबाईला जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. फुल्यांच्या लिखाणात शास्त्री आहे, शिक्षेच्या हुकमात तो नाही.

त्यानंतर जोतीराव-सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरातच अशा बायकांची बाळंतपणे करण्याची सोय केली आणि ब्राह्मण वस्तीतल्या कोपऱ्याकोपऱ्यांवर तशा छापील जाहिराती चिकटवल्या. टिपण लिहीपर्यंत पस्तीस गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या. मुले जगली पाच. बाकीची, पोटात असतानाच दिलेल्या विषारी औषधांमुळे गेली, असे ते लिहितात. हे आकडे मला त्या टिपणातल्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा जड वाटतात. गर्भ पाडण्याचा प्रयत्न किती सर्रास होता ते त्यातून कळते, आणि कोर्टापर्यंत पोचलेल्या काशीबाया किती थोड्या असतील तेही.

१८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेचा असाच खटला उभा राहिला. खालच्या कोर्टाने फाशी सांगितली, मुंबई हायकोर्टाने ती काळ्या पाण्यावर आणली, आणि पुढे तीही कमी झाली. वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतले. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली. त्या मराठा घरातल्या. कुणब्या-माळ्यांत पाट लागे, पण प्रतिष्ठित मराठ्यांत तो बंद, म्हणून हा जाच त्यांना ब्राह्मणांचा घरगुती प्रश्न वाटला नाही.

कायदा काहीच करत नव्हता असे मात्र नाही. १८५६ च्या कायद्याने विधवेचा पुनर्विवाह वैध ठरला. पण त्याच्याच दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. शिवाय डोके भादरलेल्या, आलवण नेसलेल्या बाईला मागणी घालणार कोण? लग्नाचे दार कायद्याने उघडले तरी तिला उंबऱ्यापर्यंत जाऊ न देण्याचे काम वस्तरा करत होता. फुल्यांनी हे नेमके ओळखले. त्याच टिपणात त्यांनी सुचवले की न्हाव्यांना ब्राह्मण विधवांचे वपन करण्याची मनाईच करावी. बाईवर काही लादायचे नाही, शास्त्र्यांशी वाद घालायचा नाही, फक्त हत्यार काढून घ्यायचे. सरकारने १८८६ मध्ये मलबारींच्या एकूण मागण्यांनाच नकार कळवला. सतीबंदी झाली, १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, पण वपनाविरुद्ध कायदा कधीच झाला नाही.

जे सरकारने केले नाही ते करायला न्हावीच पुढे आले. १८९० मध्ये ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचे केस काढायचे नाहीत असे त्यांनी ठरवले. या संपाची बातमी विलायतेपर्यंत गेली. त्याला मर्यादा होती ती पोटाची. शहरात न्हाव्याचा धंदा रोखीचा, एक गिऱ्हाईक गेले तर दुसरे मिळे. गावात तो बलुतेदार, सुगीला ज्यांच्या खळ्यावर धान्य मागायचे त्यांनाच नाही म्हणायचे. म्हणून ठराव झाला म्हणजे वस्तरा थांबला असे समजू नये.

थांबला तो फार सावकाश, आणि बायकांच्या स्वतःच्या हाताने. धोंडो केशव कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले विशीत विधवा झाल्या, केस काढले गेले. हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत त्या फिरल्या तेव्हाही त्या तशाच होत्या. १९१२ मध्ये त्यांनी वपन बंद केले. चाळिशी उलटली होती, आणि विधवांचे शिक्षण हेच ज्यांचे काम, त्यांनाही तिथवर यायला इतकी वर्षे लागली. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ चे.

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे हे बंद करावे असे त्यात आहे. केशवपनाचे नाव त्या यादीत घालण्याची गरज पडली नाही.