पुठ्ठ्याचं मखर पुढे का झुकतं? मुलांसोबत बनवताना हे लक्षात ठेवा

महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे. त्यामुळे अनेक घरांत गणपतीचं मखर पार्सलच्या खोक्यांपासून बनतं. पण कधी कधी दुसऱ्याच दिवशी ते पुढे झुकतं. असं का होतं?

खोक्याच्या पुठ्ठ्याची कापलेली कड पाहा. आतल्या नागमोडी कागदामुळे बारीक नळ्या तयार झालेल्या दिसतील. नळ्या उभ्या असतील तर पुठ्ठा वजन पेलतो, आडव्या असतील तर लवकर दुमडतो. तुमच्या दहा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला दोन्ही प्रकारची एकेक पट्टी उभी धरून वरून दाबायला सांगा. खांब कसे कापायचे, ते त्यांचं त्यांनाच कळेल. आखणी मुलांनी करावी, कटर मात्र मोठ्यांनीच चालवावा.

आता वर्तमानपत्राचा थर. एक वाटी मैदा पाच वाट्या पाण्यात कालवून, शिजवून खळ करा आणि गार झाल्यावरच मुलांना द्या. ओला कागद वाळताना आकसतो. तो एकाच बाजूला लावला, तर पुठ्ठा त्या बाजूला वाकतो. म्हणून दोन्ही बाजूंना लावा आणि रात्रभर पंख्याखाली वाळवा. सकाळी हाताला गार लागला, तर तो आतून अजून ओला आहे. रंग नंतरच द्या.

मूर्ती पुठ्ठ्यावर नको, लाकडी चौरंगावरच ठेवा. समई आणि निरांजन मखराच्या बाहेर, लांब ठेवा.