नॉईज फिगर म्हणजे काय? आणि गाडीचा जीपीएस अॅम्प्लिफायर छतावरच का बसवतात?

चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या अनेक गाड्यांच्या छतावर शार्कच्या पंखासारखा छोटा अँटेना दिसतो. आत बऱ्याचदा जीपीएसचा अँटेना आणि त्याला अगदी चिकटून एक छोटा अॅम्प्लिफायर असतो. रिसीव्हर मात्र खाली डॅशबोर्डमध्ये, काही मीटर केबल लांब. मग अॅम्प्लिफायरही खालीच का नाही ठेवत? दुरुस्तीला सोपं गेलं असतं की! याचं उत्तर नॉईज फिगरमध्ये आहे.

कुठलाही रिसीव्हर सिग्नल वाढवतो तेव्हा सोबत आलेली खरखर, म्हणजे नॉईजही तेवढाच वाढवतो. वर स्वतःच्या पार्ट्समधला थोडा नॉईज मिसळतो, तो वेगळाच. त्यामुळे आत येताना सिग्नल नॉईजच्या जितका पट होता, तितका बाहेर पडताना राहत नाही. हे प्रमाण किती बिघडलं ते सांगणारा आकडा म्हणजे नॉईज फिगर. तो डेसिबलमध्ये मोजतात. ० म्हणजे काहीच बिघडलं नाही, ३ म्हणजे प्रमाण निम्म्यावर आलं. (तुलना सारखी व्हावी म्हणून आत येणारा नॉईज २९० केल्विन तापमानाचा, म्हणजे साधारण १७ अंश सेल्सिअसचा धरतात.)

एकामागे एक टप्पे जोडले की एकूण किती बिघडतं, याचं सूत्र हॅराल्ड फ्रिस यांनी १९४४ मध्ये मांडलं:

```
F = F1 + (F2 - 1)/G1
```

F1 हा पहिल्या टप्प्याचा वाटा. तो पूर्ण मोजला जातो. F2 म्हणजे त्याच्या मागचं सगळं, पण त्याचा वाटा पहिल्या टप्प्याच्या गेनने, म्हणजे G1 ने भागला जातो. कारण साधं आहे: मागचे टप्पे नॉईज मिसळतात तोपर्यंत सिग्नल मोठा झालेला असतो. सूत्रात डेसिबल नाही, साधे पट घालायचे.

आता आपल्या गाडीकडे येऊ. समजा अॅम्प्लिफायरचा नॉईज फिगर १ डेसिबल (१.२६ पट) आणि गेन २० डेसिबल (१०० पट) आहे. केबलमध्ये ६ डेसिबल वाया जातात आणि रिसीव्हरचा नॉईज फिगर ३ आहे. केबलसारख्या वस्तूत जेवढा लॉस, साधारण तेवढाच तिचा नॉईज फिगर. म्हणून केबल आणि रिसीव्हर मिळून ९ डेसिबल, म्हणजे ८ पट.

अॅम्प्लिफायर छतावर ठेवला तर: १.२६ + ७/१०० = १.३३, म्हणजे सुमारे १.२ डेसिबल. इतकी वाईट केबल असूनही फक्त ०.२ चा फरक!

तोच अॅम्प्लिफायर खाली, केबलच्या नंतर जोडला तर: ४ × १.२७ = ५.०८, म्हणजे सुमारे ७ डेसिबल. पार्ट्स तेच, फक्त क्रम बदलला आणि जवळपास ६ डेसिबल गेले. नंतर कितीही गेन लावा, ते परत येत नाहीत, कारण आता सिग्नल आणि नॉईज दोन्ही सोबतच वाढतात.

पण पहिल्या टप्प्याला पुरेसा गेन हवा बरं का. तो २० ऐवजी ६ डेसिबल (४ पट) असेल, तर १.२६ + ७/४ = ३.०१, म्हणजे ४.८ डेसिबल. इथे केबल पुन्हा डोकं वर काढते.

दुसरी अडचण आजूबाजूच्या मोबाईलच्या ताकदवान सिग्नलची. त्यांनी अॅम्प्लिफायर गुदमरू नये म्हणून कधीकधी त्याच्याही आधी फिल्टर लावावा लागतो. त्या फिल्टरचा १ डेसिबल लॉस मात्र सरळ नॉईज फिगरमध्ये जमा होतो. ही तडजोड तुमच्या फोनमध्येही करावी लागते.

बिघाड ओळखायचा कसा? GPSTest सारख्या अॅपमध्ये प्रत्येक सॅटेलाइटसमोर C/N0 हा आकडा दिसतो. मोकळ्या मैदानात चांगल्या सॅटेलाइटचा तो ४० च्या आसपास जातो. एकाच बाजूचे आकडे पडले असतील तर तिकडे इमारत किंवा पत्र्याची शेड आडवी आली आहे. पण डोक्यावरच्यासकट सगळेच आकडे सारखेच खाली असतील, तर संशय पुढच्या टोकावर घ्यायचा. गाडीच्या छतावरच्या अॅम्प्लिफायरला वीज त्याच केबलमधून मिळते, त्यामुळे कनेक्टर सैल झाला तरी हेच होतं.

चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे गेलात की नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, आणि प्रत्येकीचा पहिला अॅम्प्लिफायर वर, फोकसपाशीच. १४०० मेगाहर्ट्झच्या आसपास आकाश फार शांत असतं, फक्त काही केल्विन. तिथे ०.५ डेसिबलचा अॅम्प्लिफायरसुद्धा सुमारे ३५ केल्विन एवढा नॉईज घालतो, म्हणजे आकाशापेक्षा जास्तच. १५० मेगाहर्ट्झला मात्र आपल्या आकाशगंगेचाच नॉईज शेकडो केल्विन असतो, त्यामुळे तिथे अॅम्प्लिफायर आणखी सुधारून फारसा फायदा होत नाही.