घरातील सुगंधी साधने : हवा आणि डोकेदुखी

घराला वास यावा म्हणून आज तीन प्रकारची साधने सर्रास वापरली जातात. उदबत्ती धुमसत राहून धूर देते. सुगंधी मेणबत्ती ज्योतीच्या उष्णतेने वितळलेल्या मेणातून वास सोडते. एअर फ्रेशनर, म्हणजे फवारा, जेल, काड्यांची बाटली किंवा विजेच्या पॉइंटला लावायचे प्लग-इन, काहीही न जाळता सुगंधी द्रव हवेत मिसळतो. यांतले कमी घातक कोणते, हा प्रश्न लोक एकच समजून विचारतात, पण त्यात दोन प्रश्न दडलेले आहेत. हवा किती बिघडते हा एक आणि डोके दुखते का हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगळी येतात, कारण फुप्फुसांना मुख्यतः सूक्ष्म कणांचा उपद्रव होतो, तर डोकेदुखीला बहुधा वासाच्या वाफा निमित्त ठरतात. म्हणून ‘मला काही त्रास होत नाही’ या अनुभवावरून खोलीतली हवा चांगली आहे असे ठरवता येत नाही, आणि डोके दुखले म्हणून तेच साधन फुप्फुसांनाही सर्वांत वाईट असेही म्हणता येत नाही.

कणांच्या बाबतीत उदबत्ती निर्विवाद पुढे आहे. बांबूच्या काडीवर कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि चिकटपणासाठी झाडाच्या सालीची पूड, म्हणजे जिगट, यांचा लेप असतो. अनेक उदबत्त्या नंतर सेंटमध्ये बुडवतात आणि ते सेंट पातळ करण्यासाठी डायइथाइल थॅलेटसारखे द्रावण वापरतात. उदबत्तीला ज्योत नसते. ती कमी तापमानाला आणि अपुऱ्या ऑक्सिजनमध्ये धुमसते, त्यामुळे मसाला पूर्ण जळत नाही. अर्धवट जळलेले कण, कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन, फॉर्मल्डिहाइड आणि डांबरसदृश संयुगे धुरातून बाहेर पडतात. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत एक ग्रॅम उदबत्ती जळताना सरासरी 45 मिलिग्रॅमहून जास्त कण निघाले, तर एक ग्रॅम सिगारेटमागे सुमारे 10. यावरून एक उदबत्ती म्हणजे चार सिगारेटी असे मात्र कोणी समजू नये. सिगारेटचा धूर ओढणारा थेट छातीत घेतो, उदबत्तीचा धूर खोलीभर पसरतो. या आकड्यातून कळते ते इतकेच की धुमसणारा मसाला फार कण देतो.

खोलीत याचे काय होते ते एका उदाहरणाने पाहू. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात सुमारे 34 घनमीटर हवा मावते. उदबत्तीचा जळणारा मसाला एक ग्रॅम धरू, तो 40 मिनिटांत संपतो असे मानू, आणि कणांसाठी वरच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे 20 मिलिग्रॅम, हा सौम्य अंदाज घेऊ. दारे-खिडक्या बंद असताना खोलीतली हवा दोन तासांत एकदा बदलते असे धरले, तर उदबत्ती विझते त्या क्षणी हवेत घनमीटरमागे सुमारे 500 मायक्रोग्रॅम कण असतात. ते 15 वर उतरायला जवळजवळ सात तास लागतात. समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा तासाला पाच वेळा बदलू दिली, तर कमाल पातळी 170 च्या आसपास राहते आणि उदबत्ती विझल्यावर अर्ध्या तासात ती 15 वर येते. भिंतींवर आणि फर्निचरवर बसणारे कण या हिशेबात धरलेले नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे कमी येतील. दिवसभराची सरासरी काढली, तर बंद खोलीत या एका उदबत्तीची भर सुमारे 49 मायक्रोग्रॅम आणि उघड्या खोलीत सुमारे 5. पीएम 2.5 कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची 24 तासांची मर्यादा 15 आहे, तर भारताची 60. काडी तीच, पण खिडकीमुळे दहापट फरक पडतो.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो : पिढ्यान्‌पिढ्या देवापुढे उदबत्ती लावली गेली, मग कोणाचे काय बिघडले? पहिले उत्तर घराच्या रचनेत आहे. कौलारू घरात फटींतून आणि छपरातून धूर सतत निघून जाई. स्लायडिंगच्या खिडक्या लावलेल्या, एसी चालू असलेल्या फ्लॅटमध्ये तो कोंडतो. दुसरे उत्तर असे की बिघाड झाला की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि जिथे मोजले तिथे तो दिसला. सिंगापूरमधील 61,320 चिनी वंशाच्या स्त्री-पुरुषांवर दीर्घकाळ लक्ष ठेवून 2008 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरात वर्षानुवर्षे धूप जाळणाऱ्यांत नासाग्रसनी वगळता वरच्या श्वसनमार्गाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आढळले. फुप्फुसांच्या कर्करोगाशी एकंदरीत असा संबंध दिसला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते तितक्याच ठळकपणे सांगायला हवे. त्या घरांत धूप वर्षानुवर्षे जळत असे. सकाळी एक उदबत्ती लावून खिडकी उघडी ठेवणाऱ्या घराला तो धोका जसाच्या तसा लागू करणे अन्यायाचे होईल. ‘नैसर्गिक’, ‘कोळसाविरहित’ किंवा शेणाच्या धूपकांडीने मात्र मूळ प्रश्न सुटत नाही. जळणारा पदार्थ वनस्पतीचा असला तरी तो धुमसला की कण होणारच.

सुगंधी मेणबत्ती उदबत्ती आणि एअर फ्रेशनर यांच्या मधे बसते. स्थिर ज्योतीत मेण बरेचसे पूर्ण जळते, म्हणून वजनाने पाहता कण थोडे निघतात, जरी अतिसूक्ष्म कणांची संख्या मोठी असू शकते. वाऱ्याच्या झोताने ज्योत थरथरू लागली किंवा वात लांब राहिली की काजळी वाढते. भिंतीवर काळसर छटा आणि काचेच्या कडेवर काळा थर ही तिची खूण. वात सुमारे सहा मिलिमीटर कापलेली असावी, आणि फुंकर मारून विझवताना उठणारा पांढरा धूर झाकण ठेवून टाळावा. मेण पॅराफिनचे की सोयाबीनचे, यापेक्षा ज्योत कशी जळते याने अधिक फरक पडतो. वास मात्र ज्योतीतून येत नाही, तो भोवतालच्या वितळलेल्या मेणातून उडतो. त्यामुळे वाफांच्या बाबतीत ही मेणबत्ती एअर फ्रेशनरच्याच जवळ जाते.

एअर फ्रेशनरमध्ये धूर नाही, म्हणून तो निर्धोक वाटतो. पण त्याचा हिशेब वेगळ्या रकान्यात मांडावा लागतो. 20 मिलिलिटर द्रवाचे प्लग-इन 30 दिवसांत संपत असेल, तर ते तासाला सुमारे 25 मिलिग्रॅम द्रव हवेत सोडते, तेही दिवसरात्र. वरच्या उदबत्तीतून निघालेले कण एकूण 20 मिलिग्रॅम होते. वाफ आणि कण यांची घातकता सारखी नाही, म्हणून या दोन वजनांची थेट तुलना करता येत नाही. तरीही वास घेणाऱ्या नाकासाठी फरक मोठा आहे : उदबत्ती विझते, प्लग-इन विझत नाही. शिवाय या वाफांतील लिंबू-संत्र्याच्या वासाचे लिमोनिनसारखे घटक बाहेरून आलेल्या ओझोनशी संयोग पावतात आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड व अतिसूक्ष्म कण तयार होतात. म्हणजे बाटलीत नसलेला पदार्थ खोलीत जन्माला येतो. लिमोनिन संत्र्याच्या सालीतून काढले की कारखान्यात बनवले, याने या रासायनिक क्रियेत काही बदलत नाही. ओझोन सोडणारी ‘हवा शुद्ध करणारी’ यंत्रे अशा खोलीत चालवणे म्हणूनच उलटे पडते.

डोकेदुखीचा भाग येथे सुरू होतो. नाकात वास ओळखणारी एक चेता आहे, आणि झोंबणे, जळजळणे कळवणारी त्रिमुखी चेता वेगळी. अर्धशिशीच्या वेदनेत हीच त्रिमुखी चेता गुंतलेली असते. फॉर्मल्डिहाइड, धुरातले अक्रोलिन यांसारखे दाहक पदार्थ तिच्यावरील ग्राही जागे करतात आणि अर्धशिशीशी निगडित सीजीआरपी हे द्रव्य स्रवते, असे प्रयोगांत दिसले आहे. ब्राझीलमध्ये 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अर्धशिशीच्या 200 आणि तणावजन्य डोकेदुखीच्या 200 रुग्णांची विचारपूस झाली. अर्धशिशीवाल्यांपैकी 70 टक्क्यांनी वासाने डोके दुखते असे सांगितले, दुखणे सुरू व्हायला सरासरी सुमारे 25 मिनिटे लागत, आणि वासांमध्ये अत्तर-परफ्यूमचा क्रमांक पहिला होता. दुसऱ्या गटात एकानेही वासाला दोष दिला नाही. म्हणजे सुगंधाने होणारी डोकेदुखी ही सरसकट सर्वांची तक्रार नसून मुख्यतः अर्धशिशीची प्रवृत्ती असणाऱ्यांची आहे. अशा माणसाला धूर नको म्हणून उदबत्तीऐवजी प्लग-इन आणून दिले, तर कण घटतील आणि डोके मात्र अधिक वेळा दुखू शकेल.

हे सारे मनाचे खेळ आहेत, असेही काही जण म्हणतात, आणि त्यात तथ्याचा अंश आहे. फिलाडेल्फियाच्या मॉनेल केमिकल सेन्सेस सेंटरमध्ये पामेला डाल्टन यांनी दाखवले की हा वास अपायकारक आहे असे आधी सांगितले, तर त्याच वासाने लोक जास्त त्रास नोंदवतात. दुसरी अडचण अशी की अर्धशिशीचा झटका येण्याच्या आधीच्या तासांत वास असह्य होऊ लागतो, त्यामुळे सुरू झालेल्या झटक्याचे खापर उदबत्तीवर फुटते. या दोन्ही गोष्टी खऱ्या धरूनही काम करता येते. तीन-चार आठवडे घरातली सर्व सुगंधी साधने बंद ठेवावीत आणि दुखण्याचा दिवस, वेळ व जोर लिहून काढावा. मग एकेक साधन परत आणावे, दोन साधने एकत्र आणू नयेत. वास आल्यापासून अर्ध्या तासाच्या आसपास वारंवार दुखू लागले, तर संशय पक्का होतो. वास येण्याआधीच मान आखडणे, जांभया असे काही सुरू झालेले आढळले, तर वास हे कारण नसून लक्षण असण्याची शक्यता अधिक. आणि बंद जागेत एकाच वेळी घरातल्या अनेकांचे डोके दुखून मळमळू लागले, तर सुगंधाचा विचार सोडून आधी सर्वांना मोकळ्या हवेत न्यावे. गॅस गिझर किंवा शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड साचल्याची ती खूण असू शकते.

उपकरणांवर विसंबतानाही हा दुहेरी हिशेब सुटू नये. घरगुती वापराच्या, पीएम 2.5 मोजणाऱ्या यंत्राचा आकडा उदबत्ती लावताच उसळतो, पण त्याच खोलीत महिनाभर चाललेल्या प्लग-इनकडे ते सहसा दुर्लक्ष करते, कारण बहुतेक स्वस्त यंत्रे वाफा मोजतच नाहीत. एअर प्युरिफायरचे तसेच आहे. हेपा गाळणी कण पकडते, वास आणि वाफा तिच्यातून आरपार जातात. त्यासाठी सक्रिय कोळशाचा जाड थर लागतो, आणि तोही भरला की बदलावा लागतो. घरात दमा असलेले मूल आणि अर्धशिशी असलेली आई दोघेही असतील, तर मुलासाठी आधी धूर थांबवावा आणि आईसाठी आधी प्लग-इन काढावे. देवघरातली उदबत्ती सोडवत नसेल, तर ती उघड्या खिडकीपाशी लावावी, अर्धी जळल्यावर विझवावी, आणि ती जळत असेपर्यंत मुलाला दुसऱ्या खोलीत ठेवावे.