सन चुकले, तरी हकीकत खरी

पनवेलजवळच्या रोडपालीला आज गेलात, तर कळंबोलीची वसाहत कुठे संपली आणि जुने गाव कुठे सुरू झाले हे चटकन सांगता येत नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले, रोडपाली त्यांतलेच. कोणाचे किती गुंठे गेले, मोबदला किती मिळाला, हे सातबारा आणि निवाड्याचे कागद सांगतात. पण भातखाचर गेल्यावर घरातल्या बाईचा दिवस कसा बदलला, हे तलाठ्याच्या दप्तरात कुठून असणार? ते तिच्याच तोंडून ऐकायचे.

असे ऐकण्याचा आपल्याकडचा एक भक्कम नमुना म्हणजे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे १९८९ सालचे पुस्तक. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या स्त्रिया त्यांनी शोधून काढल्या आणि त्यांच्या मुलाखती घेतल्या. जुनी वर्तमानपत्रे आणि परिषदांचे वृत्तान्तही त्यांनी चाळले. कागदाने कोणती परिषद कधी भरली ते सांगितले. तिथे जाणारी बाई कोण होती, हे बाईनेच सांगितले. दोन्ही साक्षी हाताशी ठेवल्या, हे महत्त्वाचे.

आता समजा, रोडपालीतल्या एखाद्या शिक्षकाला गावातल्या आजीबाईंची हकीकत लिहून घ्यायची आहे. “तुमच्यावर अन्याय कसा झाला?” असे विचारले, की गाऱ्हाणेच पदरात पडणार. त्यापेक्षा “आजी, लग्न होऊन या घरात आलात तेव्हापासून सांगा,” म्हणावे आणि गप्प बसावे. गप्प बसणे मास्तरांना जरा जड जाते, पण इलाज नाही! ती थांबली तरी लगेच दुसरा प्रश्न टाकू नये; पुष्कळदा त्या थांबण्यानंतरच खरी गोष्ट येते. बोलणे यंत्रावर घ्यावे, आणि उतरवताना आगरी बोलीचे पुस्तकी मराठी करू नये. आपला प्रश्नही लिहावा, कारण उत्तर त्या प्रश्नाला दिलेले असते.

मग वाचायला बसावे. घटना कोणत्या क्रमाने सांगितल्या? कथा कुठे वळली? ‘मी’ म्हणता म्हणता बाई ‘आमी’ कुठे म्हणू लागली? लावणीचे दिवस तासभर सांगितले आणि मोबदल्याचे पैसे एका वाक्यात उरकले, तर ते का, याचा विचार करावा.

आणि सन चुकले तर? इथेच पुष्कळ जण टिपण बाजूला टाकतात. इटलीतल्या तेर्नी गावची गोष्ट ऐका. लुईजी त्रास्तुल्ली हा पोलादाच्या कारखान्यातला तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी, नाटो करारात सामील होण्याविरुद्धच्या निदर्शनात, पोलिसांच्या हातून मारला गेला. पुढे आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने गावकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ सालचा सांगितला. त्या वर्षी कारखान्यातून हजारो माणसे काढली गेली होती आणि कामगार रस्त्यावर उतरून पोलिसांशी झुंजले होते. पोर्तेल्लीने कागद पाहून तारीख पक्की केली. पण तिथे थांबला नाही. सगळ्यांची चूक एकाच दिशेने का जाते, असे त्याने विचारले. १९४९ साली आपला सोबती पडला आणि आपल्याला काहीच करता आले नाही, हे शल्य गावाला पचले नव्हते. म्हणून आठवणीने तो मृत्यू झुंजीच्या वर्षात नेऊन ठेवला.

आपल्याकडे १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील जासई परिसरातल्या शेतकरी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच माणसे गेली. उद्या रोडपालीच्या आजींनी “गोळीबार झाला त्याच वर्षी आमची जमीन गेली,” असे सांगितले, तर निवाड्याच्या कागदाशी ताडून पाहावे. बोलण्यातही खुणा असतात: जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते, तेव्हा “कुलाब्याच्या कचेरीत गेलो” या शब्दांवरून काळाचा अंदाज येतो, जरी जुने नाव पुढेही तोंडात राहत असले तरी. तारीख जमली नाही, तर मूळ वाक्य खोडू नये. शेजारी कागदावरचे वर्ष लिहावे. चूक एकट्या आजींची असेल तर तो बहुधा साधा विसर. चार घरांतून, एकमेकांना न विचारता, तीच चूक आली, तर शोधायला जागा आहे. मात्र गावात दरवर्षी हुतात्म्यांची सभा भरत असेल, तर ती चूक तिथल्या भाषणांतूनही आलेली असू शकते. तेही विचारून घ्यावे.

जमिनीचे क्षेत्र ठरवायला ही हकीकत चालणार नाही, त्याला सातबाराच हवा. आणि एका घरची कहाणी म्हणजे साऱ्या गावाची नव्हे. ज्याची जमीनच नव्हती, जो दुसऱ्याच्या खाचरात मजुरीला जाई, त्याच्या दारीही जावे लागते. त्याचे नाव निवाड्यात सापडायचे नाही.

टिपण पुरे झाले की ते आजींना वाचून दाखवावे. “हे गाळा” म्हणाल्या तर गाळावे, आणि नाव छापायचे की नाही तेही त्यांनाच विचारावे. एक प्रत त्यांच्या घरी राहू द्यावी.